मामांना पत्र लिहायचंय, पण सत्काराचं भाषण होतंय

प्रश्न : मी 19 वर्षांचा, कोल्हापूरचा. फुटबॉलमध्ये डावीकडचा बचाव सांभाळतो, लेफ्ट बॅक खेळतो. गेल्या आठवड्यात पहिला व्यावसायिक करार केला, दोन वर्षांचा. क्लबनं अजून जाहीर केलेलं नाही. सातव्या वर्षापासून तेराव्या वर्षी पुण्याच्या अकादमीत जाईपर्यंत मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणतो. त्यांचा नोंदणी केलेला क्लब वगैरे नाही, सकाळी मैदानावर पोरं गोळा करून शिकवतात. आता साठीच्या पुढं आहेत. त्यांना आभाराचं पत्र लिहायचंय. चार वेळा लिहिलं, चारही वेळा असंच झालं : ‘आदरणीय गुरुवर्य, आपल्या अनमोल मार्गदर्शनाने आज मी यशाचे शिखर गाठले आहे. आपण नसता तर मी कुठेच नसतो. आपले ऋण मी कधीच फेडू शकणार नाही.’ मला आठवतं ते वेगळंच. मामा पाठीमागं उभं राहून बोटं दाखवायचे, बॉल पायात यायच्या आत मान वळवून आकडा ओरडायचा. भिंतीवर बॉल मारून लांबच्या पायानं थांबवायला लावायचे. एकदा शिनगार्ड विसरलो म्हणून फायनलला बाहेर बसवलं. हे लिहायचं का? सोबत पैसे पाठवावेत का? मित्र म्हणतो, फिफाच्या नियमानं माझ्या करारातून मामांना टक्केवारी मिळते. तसं पत्रात लिहू का?

उत्तर : तुझं पत्र तू लिहून बसलायस, फक्त चुकीच्या कागदावर. आम्हाला लिहिलेल्या चार ओळी, म्हणजे बोटं, भिंत आणि शिनगार्ड, या मामांना लिहायच्या आहेत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या ओळी फाडून टाकल्यास तरी चालेल.

त्या ओळींत नेमकं काय बिघडलंय ते आधी बघू, म्हणजे पाचव्या खेपेला तेच होणार नाही. ‘अनमोल मार्गदर्शन’ हे दोन शब्द कुठलाही विद्यार्थी कुठल्याही शिक्षकाला लिहू शकतो. गणिताच्या सरांना, पोहायला शिकवणाऱ्या ताईंना, ड्रायव्हिंग क्लासच्या काकांनाही हेच पत्र चालून जाईल. मामांनी ते वाचलं तर त्यांना एवढंच कळेल की पोरगं चांगल्या वळणाचं आहे. त्यांनी शिकवलेलं तुझ्यात किती टिकलंय, हे त्यातून कळत नाही. लहान मुलांच्या कोचला नेमकं तेच कधी कळत नाही, कारण तेरा-चौदाव्या वर्षी पोरं पुढं निघून जातात आणि पुढचं सगळं श्रेय पुढच्यांच्या खात्यात जमा होतं.

‘शिखर’ तर काढूनच टाक. दोन वर्षांचा पहिला करार म्हणजे काय, हे मामांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. करार झालेली आणि हंगाम संपल्यावर घरी परतलेली पोरं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मॅच बघताना त्यांना दर वर्षी दिसतात. ‘आपण नसता तर मी कुठेच नसतो’ हेही खरं नाही, आणि खोटं वाक्य कोचला लगेच ओळखू येतं. तुला डावा पाय होता, घरच्यांनी पुण्याला पाठवलं, तिथं सहा वर्षं दुसऱ्यांनी घडवलं. मामांनी जे दिलं ते यातलं एक आहे, पण ते स्पष्ट दाखवता येण्यासारखं आहे. तेवढंच लिही.

आणि ‘आपण’? तू त्यांना आयुष्यात कधी ‘आपण’ म्हणालायस का? ‘मामा, तुम्ही’ असंच म्हणत असशील. पत्रात अचानक ‘आपण’ आलं की मामांच्या डोळ्यांसमोर हार, शाल, श्रीफळ आणि माइक घेतलेला सूत्रसंचालक उभा राहतो.

आता कामाला लाग. पत्राला बसण्याआधी तुझ्या अलीकडच्या एखाद्या मॅचचा व्हिडिओ घे. क्लबकडून मिळत नसेल तर कुणी मोबाइलवर काढलेला चालेल, फक्त तू पूर्ण दिसायला हवास. बॉल तुझ्याकडे येतो तेवढेच तुकडे बघ आणि बॉल यायच्या आधीचे तीन-चार सेकंद नीट बघ. तू काय करतोस? तुमच्या मधल्या बचावातला डावा सेंटर बॅक बॉल घेतो, पास द्यायला खाली बघतो, तेव्हा तुझी मान एकदा वळते. बॉल निघाल्यावर, अर्ध्या वाटेत असताना, ती बहुधा पुन्हा वळते. ही बोटांची सवय आहे.

मामा हे का करून घ्यायचे, हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नसेल. सात-आठ वर्षांचं पोर बॉलकडेच बघत राहतं. मान वळव म्हटलं की वळवतं, पण बघत काहीच नाही, नुसती मान हलते. बोटं दाखवली आणि आकडा ओरडायला लावला की नुसती मान हलवून भागत नाही, खरंच बघावं लागतं. शिवाय आकडा बॉल पायात यायच्या आत ओरडायचा असल्यामुळे बघायची वेळही आपोआप ठरते. बॉल पायाला लागल्यावर बघणारा खेळाडू उशिरा बघतो. त्याच्या हातात तेव्हा बदलण्यासारखं काही नसतं, समोरच्या संघाचा, कडेनं धावणारा विंगर अंगावर आलेला असतो. मोठेपणी ही सवय लावायला गेलं तर खेळाडूला पहिला टच सांभाळायचा की मान वळवायची, यातच गोंधळ होतो. म्हणून ती लहानपणी लागलेली असणं ही तुझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

भिंतीचंही तसंच. तू डाव्या साइडलाइनजवळ, पाठ लाइनकडे आणि तोंड मैदानाच्या मध्याकडे करून उभा असतोस. सेंटर बॅकचा पास तुझ्या उजव्या बाजूनं येतो. जवळचा पाय उजवा. त्यानं थांबवलास तर बॉल तुझ्या आणि समोरून धावत येणाऱ्या विंगरच्या मधेच राहतो, अंग स्वतःच्या गोलकडे वळतं आणि पुढं एकच पास उरतो, मागं गोलकीपरला. तोच बॉल अंगासमोरून जाऊ दिलास आणि लांबच्या, म्हणजे डाव्या पायानं घेतलास तर पहिल्या टचलाच छाती पुढं वळते. पुढचा आपला विंगर, आतला मिडफिल्डर आणि लाइनवरून स्वतः पळणं, तिन्ही वाटा उघड्या राहतात. भिंतीसमोर तिरकं उभं राहून बॉल मारला आणि परत येणारा बॉल लांबच्या पायानं घेतला की हेच घडत असतं. विंगर नसतो आणि भिंत बॉल नेहमी परत देते, एवढाच फरक.

व्हिडिओत असा एक क्षण शोध. एकच. कुठली मॅच, कितवं मिनिट, बॉल कुणाकडून आला, मान वळवल्यावर काय दिसलं, कुठल्या पायानं घेतलास, पुढं काय झालं. त्यातून गोल झालाच पाहिजे असं काही नाही. साधा पास गेला असेल तर जास्त चांगलं, कारण मामांच्या पोरांना त्यांनी साधंच शिकवलंय. हा क्षण म्हणजे तुझ्या पत्राचा कणा. बाकीचं त्याच्या आजूबाजूला बसव.

शिनगार्डचा प्रसंग जरूर लिही, पण जपून. हा किस्सा लिहिताना दोन चुका हमखास होतात. एक तर तो तक्रारीसारखा वाचला जातो, ‘तुम्ही मला तेव्हा बसवलंत’. किंवा मग उपदेशासारखा, ‘तेव्हा मला शिस्तीचं महत्त्व कळलं’. दोन्ही टाळायचं तर आज काय होतं ते लिहून थांब. शिनगार्ड हे खेळाच्या नियमांच्या चौथ्या कलमात सक्तीच्या साहित्यात येतात, आणि ते मोज्यानं झाकलेले असावे लागतात. मॅचआधी पंच खेळाडूंचे बूट आणि शिनगार्ड बघतात. तू त्या रांगेत उभा राहतोस आणि वाकून एकदा मोज्यावरून चाचपतोस. तेवढं लिही. का चाचपतोस ते मामांना सांगायची गरज नाही.

पत्राचा उरलेला भाग बातमीचा. हा बहुतेक जण विसरतात. आभार मानण्याच्या नादात पत्रभर जुन्या आठवणी येतात आणि ज्याला पत्र लिहिलंय त्याला आजचं काहीच कळत नाही. मामांना काय जाणून घ्यायचं असेल याचा विचार कर. मैदान गवताचं की कृत्रिम टर्फचं? दिवसातून किती वेळा सराव? तुझ्या जागेवर आधीचा कोण आहे, तो किती वर्षांचा, त्याच्याकडून काय शिकण्यासारखं आहे? जेवण कसं, राहायला कुठं? गुडघा-घोटा बरा आहे का? आणि तुझं कच्चं काय आहे, हे स्वतःहून सांग. लांबच्या पोस्टवर आलेला उंच बॉल डोक्यानं काढणं जमत नसेल तर तसं लिही. ‘सगळं उत्तम चाललंय’ यावर मामांना बोलता येत नाही. ‘हेडिंगला वेळ चुकते’ यावर त्यांचा अर्ध्या तासाचा फोन येईल, आणि तो फोन त्यांना तुझ्या आभारांपेक्षा जास्त आवडेल.

आता पैसे आणि फिफा. मित्रानं अर्धं ऐकलंय, म्हणून हे जरा सविस्तर सांगायला हवं. मामांपर्यंत हे चुकीचं पोचलं तर त्यांची उगीच आशा लागेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते पैशांच्या मागं आहेत असं कुणीतरी तालमीत बोलेल.

फिफाच्या नियमांत खेळाडू घडवणाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या तरतुदी आहेत. एक म्हणजे प्रशिक्षणाची भरपाई. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून नोंदला जातो किंवा तरुण वयात एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत जातो, तेव्हा ती देय होऊ शकते. दुसरी म्हणजे ज्याला सॉलिडॅरिटी म्हणतात ती. करार चालू असताना एका क्लबनं दुसऱ्या देशातल्या क्लबला खेळाडू विकला तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाला 0.25 टक्के, 16 ते 23 मधल्या प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. मोजणी ज्या वर्षी खेळाडूचा बारावा वाढदिवस येतो त्या वर्षापासून सुरू होते.

तुझ्याच बाबतीत हिशेब करून बघ. समज, उद्या तुझा क्लब तुला परदेशी क्लबला 1 कोटी रुपयांना विकतो. बाजूला निघतात 5 लाख. त्यात बाराव्या वर्षाच्या हंगामाचा वाटा 0.25 टक्के, म्हणजे 25 हजार रुपये. तू सातव्या वर्षापासून मामांकडे होतास, पण सात ते अकरा ही पाच वर्षं या हिशेबात धरलीच जात नाहीत. खरं शिकणं झालं ते याच वर्षांत, पण नियमाला ती दिसत नाहीत. बाराव्या वर्षाचा वाटाही तू ज्या क्लबकडे नोंदलेला होतास त्याला जातो. माणसाला नाही. मामांचा नोंदणीकृत क्लबच नाही, म्हणजे त्यांचा या दोन्ही तरतुदींत काही हक्क नाही.

आणि हे 5 टक्के विक्रीच्या रकमेवर. तुझ्या पगारातून किंवा सही करताना मिळालेल्या रकमेतून कुणालाही आपोआप टक्केवारी जात नाही. तू मोकळा, म्हणजे कुठल्या क्लबशी करार चालू नसलेला खेळाडू म्हणून सही केली असशील तर विक्रीची रक्कमच नाही, मग तिचे 5 टक्के तरी कुठून येणार? देशातल्या देशात क्लब बदलला तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे स्वतःचे नियम लागतात, पण तिथंही व्यवहार नोंदलेल्या संस्थांमध्येच होतो. तेव्हा फिफाचं नाव पत्रात नको.

एक काम मात्र कर, पत्राबाहेर. तू कुठल्या वर्षी कुठल्या क्लबकडे किंवा अकादमीकडे नोंदलेला होतास, याची नोंद महासंघाच्या मध्यवर्ती नोंदणी प्रणालीत कशी दिसते, ते क्लबच्या नोंदणी बघणाऱ्या माणसाला विचार. पुण्याच्या अकादमीतली वर्षं बरोबर लागली आहेत का, तारखांत खंड पडलाय का, जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का. या चुका आता, कागद ताजे असताना, दुरुस्त होतात. पाच वर्षांनी विक्रीच्या वेळी लक्षात आल्या तर दाखले गोळा करत फिरावं लागतं आणि तुला घडवणाऱ्यांचा वाटा अडकतो.

मग मामांना द्यायचं काय? पाकिटात नोटा घालू नकोस. पत्र आणि पैसे एका पाकिटात गेले की पत्र पावतीसारखं वाचलं जातं. मैदानासाठी वस्तू दे, आणि त्या पत्रासोबत नाही, पंधरा-वीस दिवसांनी. आधी मामांकडे किती पोरं येतात ते गुपचूप विचारून घे. चोवीस असतील तर दोघांत एक, म्हणजे बारा बॉल पुरतात. आठ ते बारा वयाला चार नंबरचा बॉल लागतो, घेर साधारण 63.5 ते 66 सेंटिमीटरचा. उत्साहात पाच नंबरचे महागडे मॅच बॉल पाठवणं ही नेहमीची चूक. तो बॉल त्या वयाच्या पायाला मोठा आणि जड होतो, पोरं टोकानं मारायला लागतात. शिवाय उष्णतेनं चिकटवलेल्या पॅनलचे गुळगुळीत बॉल गवतासाठी असतात. मुरमाच्या मैदानावर त्यांचं वरचं आवरण लवकर खरवडलं जातं आणि मग सांधे सुटतात. कडक मैदानासाठी असलेला जाड आवरणाचा, हातानं शिवलेला बॉल दिसायला साधा असतो, पण टिकतो. सोबत पंप आणि सुयांचं एक पाकीट जास्तीचं दे. सुई कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो किंवा सुईच मोडते, आणि मग चांगला बॉल साध्या सुईपायी कोपऱ्यात पडून राहतो. ओली करून सरळ घालायची, हे मामा पोरांना सांगतीलच.

पत्रात एक गोष्ट चुकूनही लिहू नकोस : ‘तुमच्या पोरांना आमच्या क्लबात ट्रायल मिळवून देतो.’ हे वाक्य मनापासून येतं म्हणूनच धोक्याचं. नव्यानं सही केलेल्या एकोणीस वर्षांच्या लेफ्ट बॅकच्या शब्दावर कुठल्याही क्लबाची युवा संघाची यादी बदलत नाही. पण मामा ते वाक्य खरं धरतील, एखाद्या बापाला सांगतील, तो बाप पोराला नवे बूट घेऊन देईल. चार महिन्यांनी तू मामांचा फोन उचलायचं टाळायला लागशील. द्यायचंच असेल तर हातात आहे ते दे. हंगाम संपला की दोन सकाळी मैदानावर येतो आणि पोरांसोबत भिंतीवर बॉल मारतो, असं लिही, आणि तारीख पक्की झाली असेल तरच लिही.

पगाराचा आकडा, बोनस, करारातलं एकही कलम पत्रात नको. करारात गोपनीयतेची अट असते का ते तुझ्या प्रतीत बघ, बहुतेकदा असते. अट नसली तरी कोल्हापुरात कागद एकाच माणसाच्या हातात राहत नाही. मामा पत्र कौतुकानं कुणाला तरी दाखवणार, तो फोटो काढणार, तासाभरात तालमीच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी चौकातल्या फ्लेक्सवर. फ्लेक्सवर तुझा फोटो मोठा, मामांचा कोपऱ्यात, आणि मधे सौजन्य म्हणून भलत्याच माणसांच्या पाच चेहऱ्यांची रांग. म्हणून क्लबनं जाहीर करेपर्यंत पत्र हातात ठेव. तोवर त्यात क्लबचं नाव घालू नकोस, जागा रिकामी सोड.

मायना ‘मामांस’ एवढाच पुरे, आणि खाली ‘साष्टांग नमस्कार’. जुन्या पद्धतीनं ‘सा. न. वि. वि.’ घातलंस तरी छान दिसतं, साठीच्या माणसाला ते ओळखीचं असतं. ‘तीर्थरूप’ आईवडिलांसाठी राखून ठेव. वडिलांच्या जागी असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहितात, पण तुझ्या पत्राला ते जड होईल. कोल्हापुरी बोलतोस तसं दोन-चार शब्द आले तर येऊ देत, ‘लई’ खोडून ‘अत्यंत’ करू नकोस. रेघांच्या कागदाच्या दोन बाजू, त्याहून जास्त नको. हातानं लिही, निळ्या शाईनं, अक्षर मोठं आणि ओळींत एक रेघ सोडून, कारण मामांना चष्मा शोधावा लागू नये.

तुझ्याच सामग्रीतून मधला भाग कसा होईल त्याचा एक नमुना देतो. मॅच आणि मिनिट तुझ्या व्हिडिओतून घाल, इथली जशीच्या तशी उतरवू नकोस.

‘मामा, परवाच्या सराव मॅचमध्ये सत्तराव्या मिनिटाला आमच्या सेंटर बॅकनं मला बॉल दिला. तो खाली बघत होता तेव्हा मी मान वळवली. त्यांचा विंगर माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होता आणि आतल्या बाजूनं येत होता. बॉल उजव्या पायाजवळनं जाऊ दिला आणि डाव्यानं घेतला. विंगर आत धावला तो तसाच पुढं गेला. मी लाइनवरनं सरळ पास दिला, बास एवढंच. गोल नाही झाला. पण कोचनं मॅचनंतर व्हिडिओ थांबवून सगळ्यांना तो टच दाखवला आणि विचारलं, हे कुठं शिकलास? मी म्हटलं, भिंतीवर. ते हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

मॅचआधी पंच आमची रांग लावून बूट बघतात. माझी पाळी यायच्या आधी मी वाकून मोज्यावरनं हात फिरवतो.

हेडिंगला अजून वेळ चुकते. लांबच्या पोस्टला बॉल आला की मी लवकर उडी मारतो. आमचा जुना लेफ्ट बॅक एकतीस वर्षांचा आहे, तो उडी मारायच्या आधी एक पाऊल मागं घेतो. ते बघून शिकतोय. तुम्ही काय सांगाल?’

बघ, यात ‘आभार’ हा शब्द कुठंही आलेला नाही. शेवटी एकदा लिही, साध्या वाक्यात, एकदाच : ‘मामा, बोटांबद्दल आणि भिंतीबद्दल थँक्यू.’ ‘थँक्यू’ की ‘आभारी आहे’ यावर अडू नकोस, तोंडात जे येतं ते. ‘ऋण फेडू शकणार नाही’ वगैरे त्याला जोडू नकोस, वाक्य तिथंच संपव. पुण्यातल्या कोचचं नाव या पत्रात काढू नकोस, चांगलं म्हणायलासुद्धा नाही. त्यांचं वेगळं पत्र लिही.

लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाच. जिथं तुझा आवाज निवेदकासारखा होईल ते वाक्य काढ. खाडाखोड झाली तर पुन्हा उतरवून काढायची गरज नाही, एखादा खोडलेला शब्द मामांना खटकणार नाही.

पत्र स्वतः नेऊन देणार असशील तर सराव चालू असताना देऊ नकोस. पोरं घरी गेल्यावर, मामा बॉलची जाळी बांधत असतात तेव्हा दे, आणि समोर बसून ते वाचताना बघत राहू नकोस. जाळी तू उचल. जाणं शक्य नसेल तर स्पीड पोस्टनं पाठव. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा 2025 मध्ये त्यातच विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर रजिस्टर मागत बसू नकोस. पेठेतल्या पत्त्यावर घर नंबरासोबत तालमीची खूण आणि मामांचा मोबाइल नंबर लिही, नाहीतर पाकीट गल्लीत फिरत राहतं. क्लबच्या मीडियावाल्यांनी ‘जुन्या कोचला सरप्राइज’ असा व्हिडिओ करायचं सुचवलं तर आधी मामांना पत्र एकटं वाचू दे. कॅमेऱ्यासमोर उघडलेलं पाकीट मामांना नीट वाचता येणार नाही, ते पोरांसमोर डोळे पुसणार नाहीत म्हणून गडबडीनं घडी घालून खिशात टाकतील.

क्लब कुठल्या दिवशी, किती वाजता जाहीर करणार हे मात्र आजच विचारून ठेव. त्या दिवशी त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी मामांना फोन कर. बातमी त्यांना तुझ्याकडून कळू दे, फ्लेक्सवरून नको.